शेणी जाळाव्या की गोबरगॅस बांधावा? टाकीच्या हिशोबात उत्तर

प्रश्न: आमचं गाव खटाव तालुक्यात. दोन म्हशी, एक जर्सी गाय, एक कालवड, घरात पाच माणसं. स्वयंपाक सगळा गॅसवर, टाकी ४० दिवस जाते. आंघोळीचं पाणी, दूध आणि म्हशीचं आंबोण चुलीवर, त्याला बाभळीची लाकडं आणि शेणी. एका तक्त्यात वाचलं की १ घनमीटर गोबरगॅस म्हणजे १२ किलो शेणी, साडेतीन किलो लाकूड, ०.४३ किलो एलपीजी. पण १ घनमीटर गॅसला २५ किलो शेण लागतं म्हणतात, आणि तेवढ्या शेणाच्या तर ५-६ किलोच शेणी होतात. मग हे १२ किलो कुठून आले? आणि आम्ही नक्की काय करावं?

उत्तर:

तुम्ही वाचलात तो तक्ता खादी ग्रामोद्योगवाल्यांचा जुना तक्ता आहे, गोबरगॅसच्या प्रत्येक पुस्तिकेत तो छापलेला असतो आणि बहुतेक लोक तो न समजता पुढं ढकलतात. तक्ता खोटा नाही, पण त्यात जळणात किती उष्णता आहे याची तुलना नाहीये, भांड्याच्या बुडाला किती पोचते याची आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचा सगळा गोंधळ तिथंच आहे.

आधी एक माप ठरवू. १ लिटर पाणी १ डिग्रीनं तापवायला लागते ती १ किलोकॅलरी. आता त्या तक्त्यात गोबरगॅस धरलाय घनमीटरला ४७१३ किलोकॅलरी आणि शेगडी ६० टक्के, म्हणजे भांड्यात पडल्या साधारण २८३०. शेणी धरल्यात किलोला २०९३ आणि चूल ११ टक्के, म्हणजे किलोमागं भांड्यात फक्त २३०. आता २८३० ला २३० नं भागा, आले तुमचे १२ किलो. एलपीजीचंही तसंच, किलोला १०८८२ आणि ६० टक्के, म्हणून ०.४३. लाकूड मात्र त्यांनी ४७०८ धरलंय, ते एकदम ठणठणीत, पाण्याचा थेंब नसलेल्या लाकडाचं आहे, असं लाकूड भट्टीत वाळवल्याशिवाय कुणाच्या परड्यात मिळत नाही.

मी हिशोब करताना थोडे वेगळे आकडे धरतो कारण गावाकडच्या चुली आणि जळणं मोजून जे दिसतं ते असं आहे. एलपीजी किलोला १०९००, भांड्यात ६० टक्के. आयएसआयच्या शेगडीला प्रयोगशाळेत ६८ टक्के तरी द्यावेच लागतात, पण घरी बर्नर मळलेला, पातेलं छोटं, वारा सुटलेला, त्यामुळं ६० धरा. गोबरगॅस घनमीटरला ४७००, शेगडी ५५ टक्के. उन्हात नीट वाळलेलं बाभळीचं लाकूड किलोला ३६००, तीन दगडांची किंवा साधी मातीची चूल १५ टक्के. शेणी किलोला २८०० आणि १० टक्के. हे शेणीचे २८०० सुद्धा शेणी साफ असेल तर, त्यावर पुढं बोलतो.

म्हणजे भांड्याच्या बुडाशी काय पोचतं बघा. एलपीजी किलोला ६५४०, गोबरगॅस घनमीटरला २५८५, लाकूड किलोला ५४०, शेणी किलोला २८०. एवढे चार आकडे डोक्यात ठेवले की बाकी सगळं यातूनच निघतं, तक्त्याची गरजच नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. २५ किलो ताजं शेण घ्या. त्यात पाचातले चार भाग पाणीच असतं, वाळून शेणी झाल्या की उरतात साडेपाच किलोच्या आसपास, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. त्या साडेपाच किलोत उष्णता आहे १५४००. तेच शेण गोबरगॅसच्या प्लांटमध्ये घातलं तर १ घनमीटर गॅस, म्हणजे ४७००. वरवर बघितलं तर गोबरगॅसवाला दोन तृतीयांश उष्णता सोडूनच देतो, कारण जंतूंना शेणातला काडीकचरा, भुशाचा टणक भाग पचत नाही, तो तसाच स्लरीतून बाहेर पडतो. पण साडेपाच किलो शेणी चुलीत घातल्या की भांड्यात पडतात १५४० आणि गॅस जाळला की पडतात २५८५. म्हणजे त्याच शेणातून, एक तृतीयांशच उष्णता काढून, पावणेदोन पटीच्या जवळ काम होतं, आणि वर स्लरी हातात राहते. ते १२ किलोसुद्धा याचंच जरा फुगलेलं रूप आहे, माझ्या आकड्यांनी १ घनमीटर म्हणजे ९ किलोच्या थोडं वर शेणी येतात. नुसत्या उष्णतेनं बघितलं तर मात्र १ घनमीटर म्हणजे फक्त १.७ किलो शेणी. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे, प्रश्न तुम्ही काय विचारताय त्याचा आहे, आणि स्वयंपाकाला भांड्यातलीच उष्णता लागते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी मोजा, सोपं आहे. पातेल्यात ५ लिटर पाणी घ्या, झाकण ठेवा, शेजारी जळण वजन करून ठेवा. भाजी तोलायचा साधा काटा चालतो. चूल पेटवून पाणी खळखळ उकळलं की लगेच लाकडं ओढून घ्या, विझवा, उरलेली लाकडं आणि निखारे तोला, वजा करा. २५ डिग्रीपासून उकळीपर्यंत साधारण ७५ डिग्री, पाच लिटरला ३७५ किलोकॅलरी. माझ्या आकड्यांप्रमाणं याला एलपीजी ५७ ग्रॅम, गोबरगॅस १४५ लिटर, वाळलेलं लाकूड ७०० ग्रॅम, शेणी साधारण १ किलो ३०० ग्रॅम लागायला पाहिजेत. तुमच्या चुलीला लाकूड किलोभर लागलं तर चूल १० टक्क्यांची आहे, अर्ध्या किलोत झालं तर उत्तम, वीस टक्क्यांची आहे. निखाऱ्यांचं वजन लाकडाएवढंच धरू नका हां, कोळशात किलोमागं उष्णता जवळपास दुप्पट असते, म्हणून निखारे उरले असतील तर ते दुप्पट करून वजा करायचे. हे न केल्यामुळं बऱ्याच लोकांची चूल उगाच वाईट ठरते.

लाकडाबद्दल एवढंच की त्याच्यातलं पाणी सगळा खेळ करतं. ३६०० चा आकडा शंभरात १५-१६ भाग पाणी असलेल्या लाकडाचा. ताजी तोडलेली बाभूळ शंभरात ४० भाग पाणी घेऊन येते, तिची किलोला २४०० च्या आसपास उष्णता उरते, कारण एक तर किलोत लाकूडच कमी आणि जे आहे त्याला आधी ते पाणी वाफ करून बाहेर काढावं लागतं. त्यात आग थंड राहते, धूर होतो, म्हणजे जळायला निघालेला गॅस न जळताच धुराड्यातून जातो, त्यामुळं चूलही १५ ची १०-१२ वर येते. ओळखायचं कसं, तर दोन फाटी एकमेकांवर आपटा, वाळलेली खणकन वाजते, ओली धप्प करते. पेटल्यावर दुसऱ्या टोकाला फेस येऊन चुरचुर आवाज येत असेल तर ते लाकूड अजून दोन महिने उन्हात ठेवायचं होतं. चिरून ठेवलं तर लवकर वाळतं, साल असलेलं अख्खं खोड वर्षभर पडून राहिलं तरी आतून ओलं निघतं. आणि जो ओलं लाकूड वजनावर विकत घेतो तो पाण्याला पैसे देतो.

शेणीचं तसंच राखेचं. साफ शेणाच्या शेणीत किलोला २००-२५० ग्रॅम राख राहते. पण गोठ्यात फरशी नसेल, शेण मातीसकट ओढलं असेल, किंवा शेणी मोकळ्या मुरमावर थापल्या असतील तर राख ३५०-४०० ग्रॅमपर्यंत जाते, आणि माती काही जळत नाही, उलट तापून उष्णता खाते. एकदा किलोभर शेणी पूर्ण जाळून राख तोलून बघा, कळेल. कुणी शेणीला नावं ठेवली की मी मात्र सांगतो, दूध तापवायला आणि आंबोण शिजवायला शेणीच चांगली, कारण तिची धग मंद आणि लांबते, बाईमाणसाला चुलीपाशी बसून राहावं लागत नाही. लाकूड भगभग जळतं, लक्ष नसलं की वाया. उकळीच्या चाचणीत हा गुण दिसत नाही, पण घरात तो रोज उपयोगी पडतो.

आता टाकीच्या हिशोबात. १४.२ किलोची टाकी म्हणजे भांड्यात सुमारे ९३००० किलोकॅलरी. तेवढं काम करायला लाकूड लागेल १७२ किलो, शेणी ३३० किलो, गोबरगॅस ३६ घनमीटर. टाकी ९०० रुपयांची धरली तर लाकूड किलोला सव्वापाच रुपयांच्या वर विकत घेत असाल तर साध्या चुलीवर ते टाकीपेक्षा महाग पडतंय. शेणीची हीच रेषा पावणेतीन रुपयांच्या आत येते. तुमच्याकडं टाकीचा भाव वेगळा असेल तर त्याला १७२ नं आणि ३३० नं भागा, झालं. लाकूड बांधावरचं फुकट असेल तर हा हिशोब लागू नाही, तिथं प्रश्न तोडणी, वाहणी आणि धूर यांचा आहे.

तुमच्या घराचं आता नीट मांडू. टाकी ४० दिवस जाते म्हणजे रोज ३५५ ग्रॅम, म्हणजे स्वयंपाकाला भांड्यात रोज २३२० च्या आसपास. हे गोबरगॅसमध्ये ०.९ घनमीटर. आंघोळीचं पाणी पाच जणांना १५ लिटरची एकेक बादली, २० डिग्रीनं तापवलं तर ५ गुणिले १५ गुणिले २०, म्हणजे १५००. बघा, आंघोळच स्वयंपाकाच्या दोन तृतीयांश होते! लोक गॅस किती लागतो याचा विचार भाकरी-कालवणावर करतात आणि बादल्या विसरतात. हेच पाणी तुम्ही एलपीजीवर तापवलं असतं तर रोज आणखी २३० ग्रॅम गेला असता आणि टाकी ४० ऐवजी २४-२५ दिवसांत संपली असती. म्हणून गॅस आला तरी खेड्यात न्हाणीघरापाशी चूल शिल्लक राहते, त्यात अडाणीपणा काही नाही, तो हिशोबच आहे.

शेण किती मिळेल? गोठ्यात बांधलेली म्हैस रोज १५ किलो, गाय १०, कालवड ५, असे मिळून ४५ किलो. जनावरं दिवसभर चरायला बाहेर असतील तर यातलं निम्मंसुद्धा हातात येत नाही, तेव्हा आठ दिवस पाटीनं मोजून बघा, जनावरं मोजून प्लांटचा आकार ठरवू नका. ४५ किलोला उन्हाळ्यात १.८ घनमीटर गॅस येईल, म्हणजे २ घनमीटरचा प्लांट तुम्हाला पुरतो. भांड्यात ४६५० च्या आसपास पडतील आणि तुम्हाला स्वयंपाक आणि आंघोळ मिळून लागतात ३८२०. दूधही बसेल. आंबोण बसवायचा प्रयत्न करू नका, ते शेणीवर किंवा तुराट्यांवरच राहू दे.

आता तेच ४५ किलो शेण सगळं थापलं असतं तर रोज १० किलो शेणी आणि भांड्यात २८००. म्हणजे स्वयंपाक जेमतेम निघाला असता, आंघोळ नाही, आणि शेतात टाकायला नुसती राख. राखेत पालाश-स्फुरद राहतं पण नत्र सगळं धुरात जातं. तुमच्या वर्षाच्या शेणात साधारण ५० किलो नत्र असतं, कागदावर म्हणाल तर युरियाची दोन-अडीच पोती. स्लरीतही सगळं शेतापर्यंत पोचत नाही, उघड्या खड्ड्यात वाळत पडली की त्यातलं बरंच उडून जातं, म्हणून ती पाण्याबरोबर ओली सोडा किंवा उकिरड्यात पाल्याच्या थरावर ओता.

हिवाळ्याचं मात्र आत्ताच सांगून ठेवतो, कारण विकणारा सांगणार नाही. थंडी पडली की जंतू सुस्तावतात, डिसेंबर-जानेवारीत १.८ चा १.१-१.२ घनमीटर होतो, म्हणजे भांड्यात २८००-३१००. स्वयंपाक निघतो. पण नेमकं तेव्हाच आंघोळीचं पाणी जास्त तापवावं लागतं, ते १५०० चं १८००-१९०० होतं. दोन्ही एकत्र बसत नाही. तेव्हा थंडीचे दोन-अडीच महिने आंघोळ बंबावर किंवा चुलीवर, असं धरूनच चला. बंब असेल तर तो पातेल्यापेक्षा खूप बरा, त्याची धुराची नळी पाण्यातूनच वर जाते म्हणून उष्णता जास्त धरली जाते. शेण कालवायला थंडीत सकाळचं गार पाणी न घेता दुपारी उन्हात ठेवलेलं पाणी घ्या, थोडा फरक पडतो.

पाण्याचंही बघा, खटावात हा खरा अडथळा. शेणाएवढंच पाणी लागतं, म्हणजे रोज ४५ लिटर, मे महिन्यातसुद्धा. गोठा धुतलेलं पाणी, गोमूत्र सगळं चालतं, फक्त फिनेल किंवा साबणाचं पाणी त्यात जाता कामा नये. पाणी कमी पडलं म्हणून घट्ट शेण घातलं की वर साय धरल्यासारखा जाड थर जमतो आणि गॅस त्याच्याखालीच अडकतो.

प्लांट बरोबर चालतोय का ते कसं कळणार? तरंगत्या टाकीचा असेल तर सोपं, टाकी सव्वा मीटर व्यासाची असेल तर १० सेंटिमीटर वर आली म्हणजे १२०-१२५ लिटर गॅस जमला. दीनबंधूसारखा जमिनीतला घुमट असेल तर शेगडीचे तास मोजा. नेहमीचा बर्नर तासाला ०.४५ घनमीटर खातो, म्हणजे १.८ घनमीटरला दिवसातून एका बर्नरचे चार तास. दोनच तास मिळत असतील तर आधी शेण खरंच ४५ किलो जातंय का बघा, दहातल्या सहा-सात ठिकाणी घोटाळा तिथंच असतो, नंतर पाइपच्या सांध्यांना साबणाचा फेस लावा, मग घुमटाकडं वळा. काडीपेटी घेऊन गळती शोधायला जाऊ नका.

ज्योत निळी आणि बर्नरला चिकटून हवी. ज्योत भकभक करत असेल तर पाइपात पाणी साठलंय, सापळ्यातून काढून टाका, गोबरगॅस ओलाच येतो त्यामुळं हे दर आठ-पंधरा दिवसांनी करावंच लागतं. गॅस भरपूर येतोय, टाकी वर आलीये, पण काडी लावली की विझते, असं झालं तर त्यात मिथेन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त आहे. नवीन प्लांटला पहिल्यांदा असं होतंच, तो गॅस सोडून द्यायचा. चालू प्लांटला झालं तर एकदम जास्त शेण किंवा शिळं अन्न घातल्यानं आतलं आंबलंय. चार-सहा दिवस काही घालू नका, मग निम्म्या शेणानं सुरू करा.

आणि तुमची एलपीजीची शेगडी तशीच गोबरगॅसला जोडू नका. एकाच आकारमानाच्या एलपीजीत गोबरगॅसच्या जवळपास पाचपट उष्णता असते, शिवाय एलपीजी रेग्युलेटरमधून ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबानं येतो आणि तरंगत्या टाकीतला गोबरगॅस ८-१० सेंटिमीटरनं. तेवढ्याशा जेटमधून गॅस पुरेसा बाहेरच येत नाही आणि लोक म्हणतात गोबरगॅसची आंच मंद. जेटचं भोक ड्रिलनं मोठं करणारे मेकॅनिक आहेत, पण त्यात हवेचं प्रमाण बिघडतं, ज्योत पिवळी होते, भांडी काळी होतात. गोबरगॅसची आयएसआय शेगडी वेगळी मिळते तीच घ्या. ती तासाला २१०० किलोकॅलरीच्या आसपास जाळते, एलपीजीच्या मोठ्या बर्नरच्या बरोबरीची, भाकरी व्यवस्थित फुगते.

तुमच्या जागी मी असतो तर आधी आठ दिवस शेण आणि पाणी दोन्ही मोजलं असतं. शेण ४० किलोच्या वर आणि उन्हाळ्यात ४५ लिटर पाण्याची सोय नक्की असेल तर २ घनमीटरचा बांधा, अनुदानाची चौकशी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात करा. स्वयंपाकाच्या वर्षाला नऊ टाक्या वाचतात, प्लांटचा अंदाजपत्रकी खर्च त्या नऊ टाक्यांच्या भावानं भागून किती वर्षांत फिटतो ते स्वतःच काढा. एक टाकी घरात भरलेली ठेवा, लग्नकार्याला आणि थंडीला लागते. शेण ३० किलोच्या खाली येत असेल, किंवा पुढच्या वर्षी एक म्हैस विकायचा विचार असेल, तर बांधू नका. तेव्हा स्वयंपाक एलपीजीवरच, शेण उकिरड्यात, आणि आंघोळीला वर्षभर वाळवलेली बाभूळ.

आठ दिवसांचे आकडे आले की इथंच टाका, शेण रोजचं वेगवेगळं लिहा, सरासरी काढून देऊ नका.